४.४ अंश : पडद्यावरच्या आकड्याला विचारायचे प्रश्न

हवामान बदलावरचं सादरीकरण संपतं, दिवे लागतात आणि प्रश्नोत्तरं सुरू होतात. महाविद्यालयाचं सभागृह असो, पालिकेची कार्यशाळा असो की शेतकरी कंपनीची बैठक, तेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला : ‘हे खरंच होणार आहे का?’ दुसरा : ‘उद्याचा पाऊस नीट सांगता येत नाही, तर २१०० सालचा कसा सांगता?’ दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले असतात. पण वक्ता कितीही जाणकार असला तरी त्यांना सरळ उत्तर देता येत नाही, कारण पडद्यावर जे दाखवलं ते भविष्य नव्हतंच. मग वक्ता लांबलचक बोलतो आणि श्रोते ‘शास्त्रज्ञांनाही नक्की माहीत नाही’ असं म्हणत घरी जातात.

अशा सादरीकरणाला तुम्ही जाणार असाल, किंवा तुमच्या संस्थेनं ते ठेवलं असेल, तर काय विचारावं आणि कोणतं उत्तर पुरेसं मानावं, हे इथे एकाच स्लाइडच्या आधारे पाहू. स्लाइडवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं आहे : ‘शतकाअखेर ४.४ अंश तापमानवाढ’.

समोर अंदाज आहे की ‘जर-तर’?

भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देतो. २०२४ साली त्यानं सांगितलं की देशभरात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस पडेल, आणि यात पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. सप्टेंबर संपला तेव्हा पाऊस सुमारे १०८ टक्के भरला होता. हा अंदाज. एक काळ, एक दावा आणि हंगामाच्या शेवटी सरळ पडताळणी.

स्लाइडवरचे ४.४ अंश त्या जातीचे नाहीत. त्या वाक्याच्या आधी एक ‘जर’ आहे, आणि स्लाइड बनवताना बहुतेक वेळा तोच गळतो. ‘जगानं कोळसा, तेल आणि वायू अमुक वेगानं जाळले, तर शतकाअखेर तापमान इतकं वाढेल’ हे पूर्ण वाक्य झालं. त्यातल्या ‘जर’च्या भागाला सिनारिओ किंवा परिदृश्य म्हणतात आणि ‘तर’च्या भागाला प्रक्षेपण. ‘तर’चं गणित मॉडेल भौतिकशास्त्राच्या नियमांवर करतं. ‘जर’ मात्र माणसांच्या हातात आहे. धोरणं, किमती, युद्धं, शोध यांवर ते ठरतं, आणि कोणतंही हवामान-मॉडेल ते सांगत नाही. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं आंतरसरकारी मंडळ, आपल्या परिदृश्यांना संभाव्यतेची टक्केवारी जोडत नाही, त्याचं कारण हेच.

हा फरक शब्दांपुरता नाही. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८८ साली अ, ब आणि क अशी तीन परिदृश्यं मांडली होती. पुढे प्रत्यक्ष तापमान त्यांतल्या मधल्या, ‘ब’ परिदृश्यापेक्षाही कमी वाढलं आणि ‘मॉडेल चुकलं’ असा गवगवा झाला. प्रत्यक्षात चुकलं होतं ते मुख्यतः ‘जर’. ओझोनच्या थराला घातक ठरलेले सीएफसी वायू १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आटोक्यात आले, मिथेनही गृहीत धरल्याइतका वाढला नाही. झिक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेली १७ प्रक्षेपणं तपासली. त्यांतली १० जशीच्या तशी प्रत्यक्षाशी जुळली. वातावरणात खरोखर किती वायू गेले हे लक्षात घेऊन तुलना केली, तेव्हा १४ जुळली.

म्हणून ‘हे खरं होणार का?’ असं विचारण्याऐवजी असं विचारा : ‘या मॉडेलला भूतकाळातली खरी उत्सर्जनं दिली, तर ते आजवरचं तापमान बरोबर दाखवतं का?’ याला उत्तर असतं, आणि ते आलेखावर दाखवता येतं. ‘उद्याचा पाऊस सांगता येत नाही’ या शंकेचं उत्तरही इथेच आहे. पुढल्या मंगळवारी तुमच्या गल्लीत पाऊस पडेल का, हे आजच्या हवेच्या बारीकसारीक स्थितीवर ठरतं. तीस वर्षांची सरासरी मात्र पृथ्वीवर किती उष्णता अडकून राहते यावर ठरते, आणि अडकणारी उष्णता मोजता येते.

कोपऱ्यातली छोटी अक्षरं वाचा

आता स्लाइडचा खालचा कोपरा पाहा. तिथे बारीक अक्षरांत `SSP5-8.5` किंवा `RCP8.5` असं काही असेल. तुमचा ‘जर’ तिथे लपलेला असतो. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात अशी पाच मुख्य परिदृश्यं होती. सर्वांत खालच्या परिदृश्यात जगाचं निव्वळ कार्बन उत्सर्जन २०५० च्या आसपास शून्यावर येतं. मधल्यात, म्हणजे `SSP2-4.5` मध्ये, ते शतकाच्या मध्यापर्यंत साधारण आजच्याइतकंच राहतं. सर्वांत वरच्यात ते २०५० पर्यंत जवळपास दुप्पट होतं. शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतल्या सरासरी जागतिक तापमानवाढीचे मध्यवर्ती आकडे याच क्रमानं १.४, २.७ आणि ४.४ अंश असे आहेत.

म्हणजे लाल अक्षरांतला आकडा सर्वांत वरच्या परिदृश्याचा आहे. तो दाखवणं चूक नाही. धरण किंवा अणुभट्टी बांधणाऱ्यानं टोकाची परिस्थिती तपासलीच पाहिजे. चूक होते ती त्याला ‘काहीच केलं नाही तर हेच होणार’ असं नाव दिल्यावर. ऊर्जाक्षेत्रातल्या अलीकडच्या घडामोडी पाहता इतक्या उत्सर्जनाची शक्यता कमी मानली जाते, अशी नोंद आयपीसीसीच्या त्याच अहवालात आहे. मात्र उलट टोकाला जाऊन ‘मग हे सगळं घाबरवणं आहे’ असं म्हणणंही तितकंच चूक. मधल्या परिदृश्याचे २.७ अंशही आपण आजवर पाहिलेल्या तापमानवाढीच्या दुपटीच्या आसपास जातात.

विचारा :

- हा आकडा कोणत्या परिदृश्याचा आहे, आणि त्यात उत्सर्जन २०५० पर्यंत किती होतं?
- मधल्या परिदृश्यातला याच गोष्टीचा आकडा किती?
- हेच परिदृश्य आमच्यासमोर ठेवण्याचं कारण काय?

तिसऱ्या प्रश्नाला ‘या एकाचाच डेटा आमच्याकडे होता’ असं प्रामाणिक उत्तर मिळालं, तरी ते चालेल. निदान तुम्ही कशावर उभे आहात हे कळतं.

दोन ४.४, दोन अर्थ

इथे जरा थांबायला हवं, कारण भारतातल्या सादरीकरणांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०२० साली भारताच्या हवामान बदलाचा अहवाल प्रसिद्ध केला. पुण्याच्या आयआयटीएममधल्या, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. वरच्या परिदृश्यात शतकाअखेर भारताचं सरासरी तापमान सुमारे ४.४ अंशांनी वाढेल, असं त्यात आहे. पुढच्याच वर्षी आयपीसीसीचा अहवाल आला, आणि वरच्या परिदृश्यासाठी त्यातही ४.४ हाच आकडा होता. तेव्हापासून स्लाइडांवर हे दोन्ही ४.४ एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरले जातात.

पण ते एक नाहीत. आयपीसीसीचा ४.४ हा साऱ्या पृथ्वीचा, समुद्रासह, आणि १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत आहे. भारतीय अहवालातला ४.४ हा भारताचा, आणि १९७६ ते २००५ च्या तुलनेत आहे. पहिली मोजपट्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू होते, तर दुसरी बरीचशी तापमानवाढ होऊन गेल्यावर. भारतीय आकड्यात त्याआधीची वाढ धरलेलीच नाही. शिवाय मॉडेलांच्या पिढ्याही वेगळ्या. त्यामुळे ‘जग ४.४ नं तापेल आणि भारतही ४.४ नं, म्हणजे आपल्यावर परिणाम सरासरीइतकाच’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो साफ चुकीचा ठरतो.

‘मे महिन्यात आमच्याकडे ४२ अंश असतात, मग ४६.४ होणार का?’ हा प्रश्नही नेहमी येतो. ४.४ ही वर्षभराच्या, दिवसरात्रीच्या आणि साऱ्या देशाच्या सरासरीतली वाढ आहे. ती तुमच्या गावच्या मे महिन्यातल्या दुपारच्या कमाल तापमानात सरळ मिळवता येत नाही. त्यासाठी कमाल तापमानाचं स्वतंत्र प्रक्षेपण मागावं लागतं.

म्हणून कोणत्याही ‘वाढीच्या’ आकड्यापुढे तीन गोष्टी लिहून घ्या : कुठली, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या काळाची सरासरी. तिन्हींपैकी एक जरी स्लाइडवर नसेल तर हात वर करा.

पट्टा म्हणजे चुकांची कबुली नव्हे

बऱ्या सादरीकरणात रेषेभोवती फिकट रंगाचा पट्टा असतो. आयपीसीसीच्या ४.४ भोवती तो ३.३ ते ५.७ असा आहे. लोक याचा अर्थ ‘काहीही होऊ शकतं’ असा घेतात. वास्तविक तो बराच नेमका दावा आहे. वरच्या परिदृश्यात वाढ या दोन टोकांमध्ये राहण्याची शक्यता किमान ९० टक्के आहे, असं तो सांगतो. तो पट्टा *एका* परिदृश्याचा आहे, पाचही परिदृश्यांचा मिळून नाही, हेही लक्षात असू द्या.

पट्टे सगळे सारखे नसतात. त्याच अहवालातली समुद्रपातळीची आकडेवारी ‘किमान ६६ टक्के’ या हिशेबानं दिलेली आहे. तापमानाचा पट्टा आणि समुद्राचा पट्टा शेजारी ठेवून ‘समुद्राबद्दल आपल्याला जास्त खात्री आहे’ असं कोणी म्हणालं, तर त्यांनी दोन वेगळ्या मापांनी मोजलं आहे. समुद्राच्या पट्ट्याबाहेरही एक शेपूट आहे. बर्फाच्या प्रचंड थरांचं वागणं पुरतं उमगलेलं नाही, म्हणून वरच्या परिदृश्यात २१०० पर्यंत दोन मीटरजवळची वाढ नाकारता येत नाही, असं आयपीसीसीनं वेगळं नोंदवलं आहे.

पट्टा येतो तरी कुठून? एक भाग मॉडेलांमधल्या फरकातून येतो. ढग कसे बदलतील यावर त्यांचं एकमत नाही. दुसरा भाग निसर्गाच्या स्वतःच्या चढउतारांचा, आणि तो किती मोठा असतो याचं एक उदाहरण डोळ्यांत भरणारं आहे. अमेरिकेतल्या एनसीएआर या संशोधन केंद्रानं एकच मॉडेल, एकच उत्सर्जन घेऊन तेच गणित तीसहून जास्त वेळा चालवलं. दर वेळी सुरुवातीच्या हवेच्या तापमानात जो फरक केला, तो दशांशचिन्हानंतर चौदाव्या स्थानावरचा होता. मग १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांतले उत्तर अमेरिकेतल्या हिवाळ्याचे नकाशे शेजारीशेजारी मांडले. काहींत बहुतेक खंड चांगलाच तापलेला, तर काहींत मोठे भाग थंड झालेले. जग तेच, नियम तेच आणि वायूही तेच. सबंध पृथ्वीची सरासरी काढली की हे चढउतार एकमेकांत जिरतात, पण तुमच्या जिल्ह्याच्या पुढल्या वीस वर्षांत ते जिरत नाहीत.

या पट्ट्याबद्दल दोनच प्रश्न पुरतात :

- हा पट्टा किती टक्क्यांचा आहे, आणि त्यात काय धरलेलं *नाही*?
- हा मॉडेलांचा कच्चा पसारा आहे, की निरीक्षणांशी ताडून पाहिलेला पट्टा?

दुसरा प्रश्न जरा जाणकाराचा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. ताज्या पिढीतली काही मॉडेलं निरीक्षणांना न पटेल इतकी तापतात. म्हणून आयपीसीसीनं २०२१ साली मॉडेलांची नुसती सरासरी न काढता इतर पुराव्यांची चाळण लावली. एखाद्या सल्लागारानं चाळण न लावता सगळ्या मॉडेलांची सरासरी दाखवली, तर त्याचा आकडा अहवालापेक्षा जास्त येऊ शकतो.

आकडा तुमच्या गावापर्यंत पोहोचतो का?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईला आलं, तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही पडत नाही. अंतर रस्त्यानं तीस-पस्तीस किलोमीटर. जागतिक मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच पाऊस देतात. यांतल्या अनेक मॉडेलांत चौकोनाची बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास असते. अशा एका चौकोनात महाबळेश्वर, वाई आणि फलटणपर्यंतचा दुष्काळी पट्टा एकत्र बसू शकतो. तिथे सह्याद्री म्हणजे एक बसका उंचवटा असतो.

म्हणून ‘तुमच्या तालुक्यात पाऊस १२ टक्के वाढेल’ अशी स्लाइड दिसली, तर मॉडेलचा चौकोन केवढा होता, आणि त्यावरून तालुक्यापर्यंत कसं उतरलात, हे विचारा. प्रादेशिक मॉडेल चालवलं असेल किंवा स्थानिक पर्जन्यमापकांच्या नोंदींशी जुळवणी केली असेल, तर वक्ता ते आनंदानं सांगेल. नुसताच नकाशा मोठा करून तालुक्याच्या सीमा वर काढल्या असतील, तर तेही उत्तरावरून कळतं.

पावसाबद्दल आणखी एक खबरदारी. निम्मी मॉडेलं वाढ आणि निम्मी घट दाखवत असतील, तर सरासरी शून्याजवळ येते आणि नकाशावर ‘बदल नाही’ असा पांढरा रंग उमटतो. आयपीसीसीच्या नकाशांत अशा जागी तिरप्या रेषा मारलेल्या असतात. वाढ की घट यावर ८० टक्के मॉडेलांचंही एकमत नाही, असा त्यांचा अर्थ. नकाशा पुन्हा काढताना या रेषा बहुधा पुसल्या जातात. ‘किती मॉडेलं वाढ म्हणतात आणि किती घट?’ हा साधा प्रश्न त्या परत आणतो.

बुडणाऱ्या मुंबईचा नकाशा

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्लायमेट सेंट्रल’ या संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०५० सालच्या मुंबईचा एक नकाशा जगभर फिरला. शहराचा मोठा भाग रंगवलेला होता. ‘२०५० पर्यंत मुंबई पाण्याखाली’ असे मथळे झाले. तो नकाशा आजही सादरीकरणांत दिसतो, म्हणून तो कसा वाचायचा हे माहीत असायला हवं.

त्या अभ्यासानं समुद्राबद्दल नवं भाकीत केलं नव्हतं. नवं होतं ते जमिनीच्या उंचीचं मोजमाप. आधीची उंची अंतराळयानातून रडारनं मोजलेली होती, आणि ते रडार दाट वस्तीत छपरांची व झाडांच्या शेंड्यांची उंची जमीन म्हणून नोंदवत होतं. त्यामुळे सखल भाग कित्येक ठिकाणी मीटरच्या हिशेबात उंच दिसत होते. नव्या पद्धतीनं ती चूक कमी केली, आणि जमीन नकाशावर खाली आली. रंगवलेली जागा म्हणजे गणितातल्या भरतीच्या पाण्यापेक्षा सखल असलेली जमीन. तिथे बांध आहे का, भिंत आहे का, उदंचन केंद्र आहे का, हे नकाशानं धरलं नव्हतं.

म्हणजे हा धोक्याचा नकाशा होता, बुडण्याची तारीख नव्हे. सखल जमिनीवर किती माणसं राहतात, हे सांगण्यासाठी तो मोलाचा आहे. एखाद्या सोसायटीनं घर विकावं का, हे ठरवायला तो पुरत नाही. पुराचा कुठलाही नकाशा समोर आला की जमिनीची उंची कशी मोजली आणि संरक्षक बांध धरले आहेत का, हे आधी विचारा. समुद्र वीसेक सेंटिमीटर वाढणार असताना जमिनीच्या उंचीतच मीटरभर चूक असेल, तर नकाशावरचा रंग समुद्राची नव्हे तर त्या चुकीची गोष्ट सांगत असतो.

उत्तर दिलं नाही तर

सादरीकरण खासगी असेल, तर लेखी प्रश्न पाठवण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. पण दोन ठिकाणी तुम्हाला हक्क आहे.

- प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पकर्त्याकडे माहिती किंवा खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते. कामकाजाचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. परिदृश्य आणि संदर्भकाळ विचारणारा तुमचा प्रश्न त्यात आला आहे ना, हे तिथेच ऐकून घ्या.
- सरकारी पैशातून झालेला अहवाल. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं. ‘सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. वापरलेल्या मॉडेलांची यादी, परिदृश्य, संदर्भकाळ, आणि सल्लागारानं दिलेल्या अंतिम अहवालाची प्रत असं नेमकं मागा.

कोणता आकडा धरून काम करायचं?

परिदृश्यांना टक्केवारी नसेल, तर निर्णय घ्यायचा कसा? यासाठी बांधकामाचं आयुष्य पाहा.

समजा, कोकणातल्या एका खाडीकाठच्या ग्रामपंचायतीला दोन कामं करायची आहेत. एक जेट्टी दुरुस्त करायची आहे, आणि ती पंचवीस वर्षं टिकली तरी पुरे. दुसरं काम आरोग्य केंद्राची नवी इमारत, आणि ती ऐंशी वर्षं उभी राहायला हवी.

जेट्टीसाठी २०५० चा आकडा लागतो. १९९५ ते २०१४ च्या तुलनेत तोवर जगाचा समुद्र सर्वांत खालच्या परिदृश्यात सुमारे १८ सेंटिमीटर, आणि सर्वांत वरच्यात सुमारे २३ सेंटिमीटर वाढतो. फरक बोटभर. त्यामुळे इथे परिदृश्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. इथे भरतीची स्थानिक नोंद, वादळी लाटा आणि जमिनीची अचूक उंची जास्त महत्त्वाची.

आरोग्य केंद्रासाठी २१०० पाहावं लागतं, आणि तिथे चित्र फाकतं. तेच दोन आकडे ३८ आणि ७७ सेंटिमीटर होतात, आणि वर त्या न नाकारता येणाऱ्या दोन मीटरची शेपूट. इथे ‘नक्की कोणता?’ असं विचारण्यापेक्षा ‘वरचा आकडा खरा ठरला, तर ही जागा निकामी होईल का?’ असं विचारणं उपयोगाचं. होणार असेल आणि गावात उंचावर दुसरी जागा असेल, तर निवड सोपी आहे. उंच जागा नसेल, तर जोत्याची उंची आज मधल्या आकड्याप्रमाणे धरून पुढे वाढवता येईल अशी रचना करता येते का, हे अभियंत्याला विचारा. जवळच्या बंदरातल्या भरतीच्या नोंदी दर दहा वर्षांनी पुन्हा पाहायच्या, असं त्याच ठरावात लिहून घ्या.